उत्तरेची खिडकी आणि मोबाइलचा कॅमेरा : आधी-नंतरच्या पाच जोड्या

माळवद

औशातील आमच्या जुन्या घरात आजी ज्या खोलीत धान्य निवडत बसते, त्या खोलीला उत्तरेकडे एकच खिडकी आहे. ती साधारण तीन फूट रुंद आणि चार फूट उंच असून तिचा कट्टा जमिनीपासून दोन फुटांवर आहे. भिंत दगडमातीची आणि जवळजवळ दोन फूट जाडीची आहे. मार्गशीर्षात चार दिवस मी घरी होते. त्यापैकी एका सकाळी साडेदहा ते साडेअकरा या तासात याच एका खिडकीच्या उजेडात, याच मोबाइलने, आजीची ही दहा छायाचित्रे घेतली. कॅरोसेल सरकवत पाहताना प्रत्येक जोडीतील पहिले चित्र ‘आधी’चे आणि दुसरे ‘नंतर’चे आहे. एकाही चित्रावर नंतर संपादन केलेले नाही. प्रत्येक जोडीत शक्यतो एकच गोष्ट बदलावी, असा प्रयत्न केला आहे, म्हणजे फरक कशामुळे पडला हे पाहणाऱ्याला स्वतः ताडता येईल.

पहिली जोडी : पाठ खिडकीकडे, मग गाल खिडकीकडे. आधीच्या चित्रात आजी खिडकीला पाठ करून बसली आहे, कारण ती रोज तशीच बसते. सुपातले धान्य तिला त्या बाजूने नीट दिसते. मोबाइलने खिडकीतल्या आकाशाचा उजेड मोजला आणि चेहरा काळवंडला. चेहऱ्यावर बोट टेकवले तेव्हा चेहरा दिसू लागला, पण खिडकीचा पांढरा ढग झाला आणि पदराची कड त्यात विरघळली. नंतरच्या चित्रात आजीला मी जागेवरून उठवले नाही. फक्त पाट पाव वळसा फिरवला, त्यामुळे खिडकी तिच्या डाव्या हाताला आली, आणि मी स्वतः खिडकीच्या भिंतीला जवळजवळ टेकून बसले. आता खिडकी चित्रात नाही, तिचा उजेड मात्र आहे. उजळ गालावर बोट दाबून धरून मोजमाप तिथे कायम केले आणि शेजारी दिसणारे सूर्याचे चिन्ह थोडे खाली ओढले. गालावरचा उजेड करपला नाही की सुरकुत्या आपोआप दिसतात.

दुसरी जोडी : ट्यूब चालू, मग ट्यूब बंद. खोली अंधारी वाटते म्हणून आपण ट्यूब लावतो. आधीच्या चित्रात आजीचा खिडकीकडचा गाल निळसर आणि भिंतीकडचा पिवळट-हिरवा दिसतो. मोबाइल संपूर्ण चित्रासाठी पांढऱ्या रंगाचा एकच हिशेब लावतो, आणि दोन रंगांचे उजेड एकाच हिशेबात बसत नाहीत. ट्यूब बंद केली तेव्हा खोली डोळ्यांना काळोखी वाटली, पण चेहरा एकाच रंगाचा झाला.

तिसरी जोडी : आठ फूट, मग तीन फूट. या जोडीवर माझा सर्वांत जास्त वेळ गेला. जाड भिंतीची खिडकी बोगद्यासारखी असते. खिडकीपासून आठ फुटांवर, थोडे कडेला बसलेल्या माणसाला तिच्यातून आकाशाची एक चिंचोळी पट्टी दिसते. मी आजीच्या पाटावर बसून, डोके तिच्या उंचीला आणून, खिडकीकडे पाहिले तेव्हा हे लक्षात आले. तिथून मला समोरच्या घराची भिंतच अधिक दिसत होती. पाट तीन फुटांवर सरकवल्यावर त्याच खिडकीतून आकाशाचा मोठा तुकडा दिसू लागला. चित्रातला फरक तेवढ्यानेच पडला आहे. आधीच्या चित्रात नाकाची सावली धारदार आहे, डोळ्यांत चमक नाही, आणि उजेड कमी असल्याने मोबाइलने दाणेदारपणा पुसण्याच्या नादात सुरकुत्याही पुसल्या. गाल मेणाचा वाटतो. नंतरच्या चित्रात सावलीची कड मऊ आहे आणि डोळ्यांत खिडकीचा छोटा चौकोन दिसतो. शिवाय मागची भिंत खिडकीपासून दूरच राहिल्यामुळे चेहऱ्याच्या मानाने अंधारली आणि चेहरा तिच्यापासून सुटा झाला.

चौथी जोडी : हिरवी भिंत, मग पांढरे धोतर. आमच्या खोलीला कमरेइतक्या उंचीपर्यंत हिरवा ऑइल पेंट आहे. आजीचा भिंतीकडचा गाल काळा नाही, तर मळकट हिरवा दिसतो, कारण त्या गालावर पडणारा उजेड भिंतीवरून उसळून आलेला आहे. आजोबांचे धुतलेले धोतर चार पदरी करून खुर्चीच्या पाठीवर टाकले आणि खुर्ची आजीपासून दोन फुटांवर, चित्राच्या अगदी बाहेर ठेवली. हिरवेपणा गेला आणि सावलीतला डोळा दिसू लागला.

पाचवी जोडी : उभे राहून, मग बसून. आधीच्या चित्रात मी उभी आहे आणि मोबाइल आजीच्या डोक्यापासून हातभर अंतरावर आहे. कपाळ मोठे, हात लहान, मागे दिनदर्शिका, विजेची वायर, अर्धी बादली. नंतरच्या चित्रात मी जमिनीवर बसले, पाच फूट मागे सरकले आणि दुप्पट मोठे करून चित्र घेतले. चौकटीत चेहरा, दोन्ही हात आणि सूप एवढेच ठेवले, आणि आजी जिकडे पाहते आहे त्या बाजूला थोडी मोकळी भिंत सोडली. बटण दाबण्यापूर्वी चारही कडांवरून एकदा नजर फिरवली, तेव्हा तांब्याचा काठ कोपऱ्यात आलेला दिसला, म्हणून तो उचलला.

आपली मते सांगावीत. चौथ्या जोडीविषयी मी स्वतः पूर्ण निश्चिंत नाही.

---

तेरणाकाठ

माळवदताई, तिसरी जोडी फार आवडली. उत्तरेची खिडकी निवडलीत हे उत्तमच केले, कारण उत्तरेकडून ऊन कधीच येत नाही आणि त्यामुळे दिवसभर उजेड एकसारखा राहतो. दोन गोष्टी सुचवतो. खिडकीला पातळ पांढरा पडदा लावला असता तर उजेड आणखी मऊ झाला असता. आणि अंतराचा साधा नियम लक्षात ठेवावा : अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो.

---

काळीमाती

ताई, तुम्ही शीर्षकात खिडकी म्हटले आणि एकाही ‘नंतर’च्या चित्रात खिडकी दिसत नाही, हे मला कळले नाही. पाचव्या जोडीत लिहिलेली चौकट म्हणजे खिडकीचीच चौकट ना? मी काल हे वाचून बहिणीला आमच्या खिडकीच्या कट्ट्यावर बसवले, लाकडी चौकट चारही बाजूंनी येईल असे चित्र घेतले, आणि तिचा चेहरा कोळशासारखा आला. माझा मोबाइल जुना आहे. नवा घ्यावा लागेल का?

---

माळवद

@काळीमाती, शब्दामुळे घोटाळा झाला, तो माझा दोष आहे. चौकट म्हणताना माझ्या मनात चित्राच्या चार कडा होत्या. तुमच्या बहिणीचे जे झाले ते माझ्या पहिल्या जोडीतल्या ‘आधी’सारखेच आहे, आणि ते नव्या मोबाइलनेही बहुतांशी तसेच होईल. मात्र तुमची कल्पना टाकून देऊ नका. बहिणीला कट्ट्यावरच बसवा, तिचा चेहरा बाहेर वळवा आणि तुम्ही घराबाहेर जाऊन चित्र घ्या. बाहेरचे आकाश तुमच्या पाठीशी आणि तिच्या तोंडासमोर येईल, मागे खोलीचा अंधार राहील आणि लाकडी चौकटही चारही बाजूंनी मिळेल. ऊन थेट तिच्यावर पडत असेल तर ते सरेपर्यंत थांबा.

---

दगडीजिना

परभणीत माझा तीस वर्षे स्टुडिओ होता. स्टुडिओ सुरू करण्यापूर्वी ज्यांच्याकडे शिकलो, ते विजेचा भरवसा नसल्याने पासपोर्टचे फोटोसुद्धा खिडकीशी बसवून घेत असत. म्हणून तेरणाकाठ यांच्या तीनही मुद्द्यांवर थोडे सविस्तर लिहितो.

उत्तरेकडून ऊन कधीच येत नाही, हे थंड देशांतल्या पुस्तकांतून आलेले वाक्य आपल्याकडे अर्धेच लागू पडते. औसा साधारण सव्वाअठरा अंशांवर आहे. मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत भर दुपारी सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. तो जवळजवळ डोक्यावरच असल्याने ते ऊन खिडकीतून आत येत नाही, भिंतीला घासून खाली उतरते. पण त्या दिवसांत सूर्य उगवतो आणि मावळतो तोही बराच उत्तरेकडे सरकून, त्यामुळे सकाळी आणि संध्याकाळी उत्तरेच्या खिडकीतून तिरपे ऊन आत येते. माळवदताईंनी चित्रे मार्गशीर्षात घेतली, तेव्हा सूर्य दिवसभर दक्षिणेला असतो, म्हणून त्यांना हा अनुभव आला नाही. हीच चित्रे जूनमध्ये सकाळी सात वाजता एखाद्या पातळ भिंतीच्या खिडकीशी घ्यायला गेल्या, तर आजीच्या गालावर गजांच्या सावल्या पडू शकतील.

पडद्याचे काम उन्हात आहे. ऊन पडद्यावर पडते तेव्हा पडदा स्वतःच उजळतो आणि सूर्याच्या छोट्या ठिपक्याऐवजी तीन फुटांचे कापड उजेड देऊ लागते. पण खिडकीतून ऊन येतच नसेल, नुसते आकाश दिसत असेल, तर तो उजेड आधीच पसरट आहे. त्यावर पडदा लावला तर मऊपणात फारसा फरक पडत नाही, उजेड तेवढा कमी होतो आणि मोबाइल पुन्हा गाल मेणासारखा करू लागतो.

अंतराचा नियम दिव्याच्या बल्बला लागू आहे. खिडकी म्हणजे बल्ब नव्हे, तो उजेडाचा मोठा पत्रा आहे. तिच्या अगदी जवळ असताना फूटभर मागे सरकलात तरी उजेड थोडाच घटतो. खिडकीच्या उंचीच्या दोनतीन पट अंतर गेल्यावर मात्र घट त्या नियमाजवळ येऊ लागते. माळवदताईंनी आजीच्या पाटावर बसून खिडकीकडे पाहिले, ही कसोटी कोणत्याही आकड्यापेक्षा अधिक उपयोगाची आहे. चेहऱ्याच्या जागेवरून जेवढे आकाश दिसते, तेवढा उजेड आणि तेवढाच मऊपणा.

---

तेरणाकाठ

धन्यवाद काका. सूर्याचे माझे चुकलेच होते. पण पडद्याविषयी माझा अनुभव वेगळा आहे. आमच्या घरी समोरच्या इमारतीला गडद पिवळा रंग आहे आणि पडदा लावला की चेहऱ्यावरचा पिवळेपणा मला कमी वाटतो.

---

दगडीजिना

समोरच्या पिवळ्या भिंतीचा उजेड आणि वरच्या आकाशाचा उजेड पडद्यात मिसळून येत असेल, तर चेहऱ्याच्या खालच्या भागात एकवटणारा पिवळेपणा पसरून फिका वाटू शकतो. मात्र एकूण पिवळेपणा त्याने जाणार नाही. पडदा लावून आणि काढून, खिडकीशी एक पांढरा कागद धरून दोन चित्रे घ्या आणि इथे टाका, म्हणजे नक्की काय होते ते पाहता येईल.

---

हिमरू

माझे पैठणला साड्यांचे छोटे दुकान आहे आणि गिऱ्हाइकांना चित्रे मोबाइलवरच पाठवावी लागतात. माझी अडचण माणसांची नाही, जरीची आहे. दुकानातल्या दिव्यांखाली पदर घेतला की जर एक तर पांढरी करपते, नाही तर सपाट पिवळ्या धाग्यासारखी दिसते. जांभळी साडी निळी दिसते आणि मग साडी परत येते. हा खिडकीचा प्रकार कापडाला चालेल का? दुकानाच्या काचेला काळपट फिल्म लावलेली आहे.

---

दगडीजिना

चालेल, पण काचेच्या आड नको. फिल्म उजेडाचा रंग बदलते आणि काच आपल्या डोळ्यांना साधी वाटली तरी मोबाइलला ती दिसते. काच सरकवून उघडा, किंवा पदर घराच्या उघड्या खिडकीशी न्या.

पदर खिडकीच्या कडेने जमिनीवर किंवा बाजेवर पसरा, म्हणजे उजेड कापडावरून जवळजवळ घासत जाईल. अशा तिरप्या उजेडात विणकामातले उंचसखलपण दिसते; वरून किंवा समोरून उजेड आला की ते नाहीसे होते. जर आरशासारखी वागते, म्हणून ती कुठून पाहिली याला महत्त्व आहे. मोबाइल हळूहळू अर्धवर्तुळात फिरवत जा. एका ठिकाणी जर पेटल्यासारखी दिसेल, तिथून हातभर पुढे-मागे जाऊन तिचा मोर आणि त्याच्या मागचे रेशीम दोन्ही वाचता येतील अशी जागा सापडेल. गडद साडी चौकटभर असली की मोबाइल तिला उजळ करू पाहतो, तेव्हा सूर्याचे चिन्ह खाली ओढून साडी हातातल्या साडीसारखी होईपर्यंत उजेड कमी करा.

जांभळ्याविषयी पक्के आश्वासन देत नाही. पदराच्या कडेला पांढरा कागद ठेवून एक चित्र घ्या. तो कागद चित्रात पांढरा दिसत असेल आणि तरीही साडी निळी दिसत असेल, तर तो उजेडाचा दोष नाही, कॅमेऱ्याचा तो रंग ओळखण्याचा दोष आहे, आणि गिऱ्हाइकाला शब्दांत सांगावे लागेल.

---

निळीशाई

चौथ्या जोडीबद्दल माझे मत विरुद्ध आहे. ‘आधी’चे चित्र मला अधिक खरे वाटते. धोतर ठेवल्यानंतर आजींचा चेहरा दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखाच उजळ झाला आहे आणि तिसऱ्या जोडीत एवढे श्रम घेऊन जो गोलावा मिळवला होता, तो निम्मा गेला. आजी सावळ्या आहेत. त्यांच्या त्वचेवरचा उतरता उजेड हेच त्या चित्राचे बळ आहे. हिरवेपणा मात्र नको, हे मान्य.

आणखी एक विचारते. पहिल्या जोडीतील ‘नंतर’च्या चित्रात कपाळावरचे गोंदण फिके दिसते, तिसऱ्या जोडीत ते स्पष्ट आहे. मोबाइलमधला चेहरा गुळगुळीत करणारा पर्याय पहिल्या वेळी चालू होता का? पुष्कळ मोबाइलमध्ये तो आधीपासूनच चालू असतो आणि गोंदणाला तो डाग समजतो.

---

माळवद

@निळीशाई, तुमची नजर अचूक आहे. पर्याय चालू होता. दुसऱ्या जोडीनंतर माझ्या लक्षात आले आणि मी तो बंद केला, पण पहिली जोडी पुन्हा घेतली नाही. याचा अर्थ पहिली जोडी आणि तिसरी जोडी एकमेकींशी ताडून पाहू नयेत. हे मी मूळ लेखनात सांगायला हवे होते.

धोतराबद्दल तुमचे वाचून काल पुन्हा प्रयोग केला. आज तीन चित्रे जोडली आहेत : धोतर दोन फुटांवर, चार फुटांवर, आणि धोतराऐवजी काळे घोंगडे. चार फुटांवर सावलीचा गाल गडद राहिला आणि हिरवेपणा बहुतेक गेला. घोंगड्याने हिरवेपणा पूर्ण गेला, पण सावलीतला डोळाही गेला. मला चार फुटांचे आवडले. आजीला दोन फुटांचे आवडले, कारण त्यात तिचे दोन्ही डोळे सारखे दिसतात.

---

निळीशाई

मला घोंगड्याचे. हिरव्या भिंतीचा उजेड अडवायचा तर पांढऱ्याची गरज नव्हती, हे त्याने दिसले. पण चित्र आजींचे आहे, तेव्हा त्यांच्या मतापुढे मी आग्रह धरत नाही.

---

बालाघाट

पाचव्या जोडीत एकच गोष्ट बदललेली नाही. ताईंनी उंचीही बदलली आणि अंतरही. कपाळ मोठे दिसले ते वरून घेतल्यामुळे की जवळून घेतल्यामुळे, हे या जोडीवरून सांगता येत नाही. मला वाटते, रुंद लेन्समुळे तसे होते.

---

माळवद

@बालाघाट, आक्षेप रास्त आहे. आज अकरा वाजता दोन चित्रे नव्याने घेतली. दोन्ही वेळा मी जमिनीवर बसलेली आहे आणि मोबाइल आजीच्या हनुवटीच्या उंचीला आहे. पहिले हातभर अंतरावरून, मोठे न करता. दुसरे पाच फुटांवरून त्याच लेन्सने, मोठे न करता, आणि नंतर चेहरा तेवढाच दिसेल इतके कापलेले. पहिल्यात नाक मोठे आणि कान मागे गेलेले आहेत. दुसऱ्यात तसे नाही. लेन्स तीच आहे, म्हणजे फरक अंतराचा आहे. रुंद लेन्स आपल्याला जवळ जायला लावते, एवढाच तिचा त्यात वाटा. कपाळाचा मोठेपणा मात्र मुख्यतः उंचीचा होता असे दिसते, कारण आजच्या हातभर अंतराच्या चित्रात कपाळ नाही, नाक पुढे आले आहे.

---

काळीमाती

ताई, बाहेरून घेतले. चेहरा आला! बहिणीच्या डोळ्यांत आमच्या अंगणातले लिंबाचे झाड आणि मी, दोघेही दिसतो. चेहरा किंचित हिरवट आहे, तो झाडामुळे असेल का?

---

दगडीजिना

झाडामुळेच. तिच्या जागेवरून तिला आकाशाऐवजी पाला दिसतो आहे. दुसऱ्या एखाद्या खिडकीसमोर मोकळे आकाश असेल तर तिथे बसवून पाहा.

---

बालाघाट

माझा खरा प्रश्न वेगळाच होता, तो आता विचारतो. आमच्या गावच्या घरात आजीच्या खोलीला खिडकीच नाही. माळवदात एक सवणे आहे, त्यातून जो उजेड खाली येतो तेवढाच. त्याखाली आजीला बसवले की डोळ्यांच्या खाचा काळ्या होतात आणि डोक्यावरचा पदर पांढरा करपतो.

---

दगडीजिना

सवण्याच्या थेट खाली बसवू नका. दोन-अडीच फूट मागे, तोंड सवण्याकडे करून बसवा, म्हणजे तोच उजेड समोरून उतरता येईल. दुपारी उन्हाचा कवडसा जमिनीवर पडतो, त्या कवडशात पिठाने भरलेली परात ठेवून पाहा. ऊन परातीतून उसळून खालून चेहऱ्यावर येईल आणि खाचा उजळतील. किती उजळतील हे परात चेहऱ्यापासून किती लांब आहे यावर आहे. कवडसा सरकत राहतो, म्हणून हातात दहाएक मिनिटेच आहेत असे धरून चाला.

---

बालाघाट

ज्वारीच्या पिठाची परात ठेवून आज दुपारी पाहिले. खाचा उजळल्या, पण नाकाच्या खालून वर जाणारी एक सावली दिसू लागली आणि आजी ओळखू येईना. परात फूटभर लांब सरकवली तोवर कवडसा भिंतीवर चढला होता. उद्या परात आधीपासूनच लांब ठेवून पुन्हा घेतो आणि दोन्ही चित्रे इथे टाकतो.